कुवाबाराबाईंच्या चौदा ओळी

आमच्या दुकानात माणसं मेल्यानंतरच येतात, आणि तीही फोटोतून. नागाओका स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तीन टेबलं आणि एक मोठा प्रिंटर, एवढंच दुकान. अंत्यविधी करणारे हॉलवाले सकाळी फोटो पाठवतात आणि दुपारपर्यंत तयार तसबीर मागतात. घरच्यांना आयत्या वेळी जो फोटो सापडतो त्यात आजोबा बनियनवर असतात, नाहीतर आजी रुग्णालयाच्या गाउनमध्ये. मग मी त्यांना काळा किमोनो चढवतो, सूट चढवतो, टाय बांधतो. नऊ वर्षांत मी कमीत कमी नऊ हजार मेलेल्या माणसांना कपडे घातले असतील. स्वतःच्या लग्नात मात्र मला टायची गाठ मारता आली नाही, ती सासऱ्यांनी मारून दिली.

मी कपडे चढवले की फोटो कुवाबाराबाईंकडे जातो. फुमिए कुवाबारा, वय एकसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांचं काम एकच. मूळ फोटो डावीकडे, माझा फोटो उजवीकडे, आणि कपड्यांशिवाय दुसरं काहीही बदललेलं नाही हे बघायचं. त्यासाठी त्यांनी स्वतः एक यादी केली आहे. चौदा ओळींची. प्लास्टिकमध्ये घालून पडद्याच्या खाली चिकटवलेली. ती त्यांना पाठ आहे, तरी प्रत्येक वेळी वाचतात, बोट ठेवून.

यादी का केली हे त्या सांगत नाहीत, पण आम्हाला ठाऊक आहे. त्या नवीन होत्या तेव्हा माझ्या आधीच्या कारागिराने एका म्हाताऱ्याच्या गालावरचा तीळ धूळ समजून पुसला. तसबीर हॉलमध्ये लागली. विधवा बाईने समोर बसून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हे कोण आहेत?" त्या दिवशी संध्याकाळी कुवाबाराबाईंनी घरी जाऊन पहिल्या सहा ओळी लिहिल्या. बाकीच्या आठ आमच्या चुकांनी मधेमधे भरल्या. त्यातल्या पाच माझ्या आहेत, हे मी अभिमानाने सांगत नाही.

फोटो आडवा उलटा झालेला नाही ना? केसांचा भांग, तीळ, किमोनोची डावी बाजू वर. ही ओळ माझी. किमोनो खांद्याला बसेना म्हणून मी तो उलटा फिरवला होता, आणि उजवी बाजू वर आली. तसा किमोनो आमच्याकडे फक्त प्रेताला नेसवतात. तसबिरीतला माणूस जिवंत असतो, त्याला जिवंत माणसासारखंच नेसवायचं. बाईंनी ते पकडलं नसतं तर मला गाव सोडावं लागलं असतं.

श्रवणयंत्र म्हणजे कपडा नव्हे. हीही माझी. हनुवटीची सावली मूळ उजेडाचीच आहे ना, आणि नवा कपडाही त्याच बाजूने उजळलाय ना? कपडा चेहऱ्यापेक्षा जास्त स्वच्छ, कोरा दिसत नाही ना? मान लांब झालेली नाही ना, मानेच्या सुरकुत्या कॉलरमध्ये जशा शिरत होत्या तशाच शिरतात ना? कपाळ, गाल, हनुवटी या तीन जागी कातडीच्या रंगाचे आकडे सारखेच आहेत ना? आणि शेवटची, चौदावी: दोन्ही फोटो एकाच मापाचे करून एकावर एक ठेवायचे आणि संगणकाला सांगायचं की फरक तेवढा दाखव. जे सारखं ते काळं होतं, जे बदललं ते चमकतं. कपडे चमकले पाहिजेत. बाकी सगळा अंधार हवा. मग बाई तो अंधारही मुद्दाम उजळ करून बघतात, कुठे बारीक रेघ लपली असेल तर.

"संगणक सांगतोच आहे, मग आधीच्या तेरा ओळी कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"फरक आहे एवढंच तो सांगतो," त्या म्हणाल्या. "चालेल का, ते तो सांगत नाही. आणि तू असताना चौदासुद्धा कमीच पडतात रे होकारी."

होकारी म्हणजे मी. अशा बोलायच्या. मला नऊ वर्षं शेजारच्या टेबलावरून टोमणे मारत आल्या, आणि दुपारी डब्यातली लोणच्याची फोड न विचारता माझ्या भातावर ठेवत आल्या. एकट्या राहायच्या. नातेवाइकांविषयी बोलायच्या नाहीत. नवीन वर्षाच्या सुट्टीत आम्ही आपापल्या गावी जायचो तेव्हा दुकानाची किल्ली आपणहून मागून घ्यायच्या. मी समजलो होतो, असतात अशी माणसं.

नोव्हेंबरच्या शेवटची गोष्ट. सकाळी दहाला सान्जोच्या एका हॉलवाल्याकडून काम आलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी, ओबाता मित्सुए. संध्याकाळी सहाला पहिला विधी, तसबीर चारपर्यंत हवी. फोटो घराच्या ओसरीवर काढलेला. मागे वाळवायला सोलून दोरीला टांगलेली काकी नावाची नारिंगी फळं, पुढे आजी, जांभळ्या रंगाची कापूस भरलेली बंडी घालून, तोंडभर हसत. शेजारी तिशीचा एक तरुण. त्याने मागून हात टाकून तिच्या पलीकडच्या खांद्यावर पंजा ठेवलेला, आणि आजीचं डोकं त्याच्याकडे कललेलं. कागदावर सूचना होती: काळा किमोनो, घराण्याच्या चिन्हासह. त्याच्या खाली मुख्य शोककर्त्याने, म्हणजे नातवाने, लिहिलेलं, फक्त कपडे, बाकी काहीही बदलू नका.

असं सगळेच लिहितात. मी आजीला चौकटीत घेतलं, तरुण चौकटीच्या बाहेर गेला. त्याच्या स्वेटरची कडेला उरलेली पट्टी किमोनोच्या खांद्याखाली झाकली गेली. पंजाही झाकला गेला. आणि हात चालता चालता मी आजीचं डोकंही सरळ केलं. चार अंश. त्याला कारण काहीही नाही. आमचे सगळे किमोनो समोरून काढलेले असतात, डोकं सरळ केलं की गळा पटकन बसतो. शंभरातल्या नव्वद घरांना सरळ डोकंच आवडतं. सवयीने मी कागद वाचला होता आणि सवयीनेच विसरलो होतो. साडेअकराला फोटो बाईंच्या टेबलावर पाठवला आणि चहा प्यायला गेलो.

एका फोटोला बाईंना बारा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलेलं आहे. परत आलो तर वीस मिनिटं झाली होती आणि त्यांचं बोट यादीच्या पहिल्या ओळीवरच होतं. पहिली ओळ म्हणजे कागद वाचणे.

"चष्मा बदला आता," मी म्हणालो. "का झोप लागली?"

पडद्यावर डावीकडे अख्खा मूळ फोटो उघडलेला. त्यांचा दुसरा हात मांडीवर, मूठ घट्ट. मी माझ्या खुर्चीत बसलो. मला राग यायला लागला होता, कारण पुढचे दोन फोटो रांगेत होते आणि जेवायचं राहिलं असतं.

बारा वाजता त्या दुसऱ्या ओळीवर होत्या. मग तिसरीवर आल्या. तिसरी ओळ: डोक्याचा कोन आणि माप.

"होकारी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण खालून आला. "हिचं डोकं तू सरळ केलंस."

"केलं असेल. चारच अंश आहेत."

"कागदावर काय लिहिलंय?"

"अहो बाई, चार अंश! कोण बघणार आहे?"

"तो बघेल."

त्यांनी चौदावी ओळ आधीच करून दाखवली. आजीच्या चेहऱ्याची सगळी कड चमकत होती. कपाळ, दोन्ही गाल, हसण्याच्या सुरकुत्या, सगळं दुहेरी. माझी चूक अशी उजेडात आली की मी नेहमी वाद घालतो. मी म्हणालो, तिरक्या मानेवर किमोनोचा गळा पुन्हा बसवायचा म्हणजे दीड तास. गळ्याची एक बाजू आत ओढायची, दुसरीकडे सुरकुती आणायची, सावली पुन्हा रंगवायची. आणि शेवटी दिसणार काय? एक म्हातारी, कुणीच नसलेल्या बाजूला कललेली. हॉलमध्ये लोक म्हणतील तसबीर वाकडी लावलीय.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "तिच्या शेजारी माणूस होता म्हणून ती कलली. माणूस काढलास ते काढलास. कल तरी ठेव."

"एवढं काय आहे त्या माणसात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझा मुलगा आहे तो," त्या म्हणाल्या.

मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलापाशी ओढली.

मग त्यांनी सांगितलं, पडद्याकडे बघतच, तुकड्यातुकड्याने. सान्जोच्या ओबातांच्या घरी त्या दिल्या होत्या. लोहाराचं घर, सुऱ्या करायचे. नवरा चांगला होता, पण दोघांचं पटलं नाही. आमच्याकडे घटस्फोट झाला की मूल एकाचंच होतं, आणि मुलगा लोहारकीचा वारस, तेव्हा तो कुणाचा हे विचारायचीही सोय नव्हती. तो तीन वर्षांचा होता. तोमोयुकी. पहिल्या वर्षी त्या दोनदा दारापर्यंत गेल्या. दोन्ही वेळा सासू बाहेर आली, हीच मित्सुए, आणि हात जोडून म्हणाली, पोराला दोन घरांत ओढू नकोस, तो रात्री रडतो.

"म्हणजे हिनेच तुम्हाला हाकललं," मी म्हणालो. "आणि तुम्ही हिच्या सुरकुत्या मोजताय?"

"मी पण तेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? तेव्हा मी तिला शिव्या दिल्या. मनातल्या मनात रोज. आज कागदावर नाव वाचलं, तर आधी आलं ते हे की बिचारी गेली. मग वाटलं, त्याला सकाळपासून कुणी खायला दिलं असेल का?"

सत्तावीस वर्षं त्यांनी मुलगा पाहिला नव्हता. दर वर्षी डोक्यात त्याला एक वर्षाने वाढवत आल्या होत्या. पण माणसाला असं वाढवता येत नाही. उंची वाढवता येते, चेहरा नाही. फोटोतला तरुण त्यांच्या डोक्यातल्या तरुणासारखा अजिबात नव्हता, असं त्या म्हणाल्या. तो जास्त जाड होता. डाव्या भुवईत एक पांढरी रेघ होती, कधीतरी काहीतरी लागल्याची. कधी लागलं ते त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यानेच त्यांचे डोळे भरले. रडायला असं काही मोठं लागत नाही, भुवईतली रेघ पुरते.

आता मला कळलं की त्या एकेका ओळीवर एवढा वेळ का बसल्या होत्या. आमच्याकडे नियम आहे. तपास पूर्ण झाला, काम पाठवलं, की मूळ फोटो पुसला जातो. कुणाच्या घरचे फोटो आम्ही ठेवत नाही. जोपर्यंत चौदा ओळी संपत नाहीत तोपर्यंतच डावीकडचा फोटो उघडा राहतो. बाई ओळी वाचत नव्हत्या. पोराला बघून घेत होत्या.

मी उठलो, माझ्या टेबलावर गेलो आणि गळा पुन्हा करायला घेतला. दीड तासाचं काम मी पावणेदोन तास केलं. मुद्दाम, हे कबूल करतो. मधे मालक इकाराशी येऊन ओरडून गेले. त्यांना मी म्हणालो, मान अवघड आहे. तेवढं खोटं चालतं.

दोन वाजता नवा फोटो त्यांच्याकडे गेला. आता त्या नेहमीसारख्या चालल्या. उलटा नाही, टिक. कोन, माप, टिक. केसांची रेघ, कानामागून सुटलेली पांढरी बट, टिक. डोळ्यातला उजेडाचा ठिपका. दात, पुढच्या एकाचा तुकडा उडालेला, तसाच. गालावरचे डाग त्यांनी मोजले, सतरा. माझ्याकडे अकराच आले असते. एका ओळीपाशी मात्र थांबल्या. ती ओळ अशी आहे: दुसऱ्या माणसाचं काही राहिलं आहे का?

"हे बघ," त्या म्हणाल्या.

त्यांनी मोठं करून दाखवलं. आजीच्या मानेच्या डाव्या कडेला, किमोनोच्या गळ्याच्या जरा वर, एक फिकट गुलाबी डाग. बोटाचं टोक. पंजा खांद्यावर होता, पण मधलं बोट वर सरकून मानेला टेकलं होतं. पंजा मी झाकला, टोक राहून गेलं. नख अर्धं दिसत होतं. नखाच्या कडेला काळं, लोहाराचं असतं तसं.

"राहू द्या," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. "कुणाला कळणार नाही. मानेची सुरकुती वाटेल."

त्या बोटाकडे बघत होत्या. बोट पडद्यावर त्यांच्या तळहाताएवढं झालं होतं. त्यांनी हात उचलला, काचेवर टेकवणार असं वाटलं, आणि खाली घेतला.

"ते तिच्या मानेवर आहे. मान तिची आहे," त्या म्हणाल्या. "काढ."

"बाई..."

"काढ म्हणते ना. अर्धं बोट कसलं ठेवायचं? हॉलमध्ये कुणीतरी जवळ जाऊन बघेल आणि म्हणेल, हे काय चिकटलंय. त्याच्या आजीच्या तसबिरीवर."

मी काढलं. बोटाखालची मान मूळ फोटोत दिसत नव्हती, म्हणून शेजारच्याच दोन सुरकुत्या पुढे नेल्या, दुसरीकडून काही आणलं नाही. बाईंनी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: डाव्या बाजूला मानेचा एक सेंटिमीटर बोटाखाली होता, तो भरून काढला आहे. चौदावी ओळ केली. सगळा अंधार, फक्त काळा किमोनो चमकत होता, आणि मानेवर तो एक ठिपका. बस. मग त्यांनी खाली नाव लिहिलं. एरवी त्या आडनावाचा शिक्का मारतात. त्या दिवशी पेनाने पूर्ण नाव लिहिलं.

"मूळ फोटो तू पूस," त्या म्हणाल्या. "माझ्याने होणार नाही."

"त्याआधी त्याच्या बाजूची एक प्रत काढतो. छोटी. कुणाला कळत नाही."

"नको."

"अहो, तुमचा मुलगा आहे!"

"फोटो त्याचा आहे. त्याने दुकानाला दिलाय, मला नाही." आणि मग एकदम चिडून, "मला हवाय रे! तुला काय वाटतं, मला नकोय? पण चोरून नकोय."

मी पुसला.

तसबीर छापून, काळ्या चौकटीत बसवून, पांढऱ्या कापडात गुंडाळून तयार झाली तेव्हा तीन वाजले होते. सान्जो गाडीने चाळीस मिनिटं. पोचवायला नेहमी मी एकटा जातो. त्या दिवशी मी जिन्यात थांबून म्हणालो, "मागची सीट खराब आहे, चौकट घसरते. कुणीतरी मांडीवर धरायला पाहिजे."

"तुझी सीट गेल्या आठवड्यापर्यंत चांगली होती."

"आज खराब झाली. येताय का?"

त्या आल्या. कोट घातला, केस दोनदा नीट केले, लिपस्टिक काढली, लावली नाही, परत ठेवली. रस्ताभर सासूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तसं म्हणालोही. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "वजन काहीच नाही." आभाळ भरून आलं होतं, शेतं कापून झालेली. मी विचारलं, "काय म्हणणार त्याला?" त्या म्हणाल्या, "फोटो आणलाय म्हणणार. दुसरं काय? मी त्याच्या तोंडापुढे उभी राहून आई म्हणून मिरवू? सत्तावीस वर्षांनी? आजी गेलीय त्याची. आज त्याच्यावर माझं ओझं नको. मला फक्त एकदा तो चालताना बघायचाय. फोटोत चालणं कळत नाही."

हॉलमध्ये फुलं लावून झाली होती. मधोमध चौकटीसाठी जागा सोडलेली, उजव्या हाताला नातेवाइकांच्या खुर्च्या. हॉलच्या मुलीने आम्हाला आत नेलं आणि शोककर्त्याला बोलावून आणते म्हणाली. तो समोरच्या दारातून आला. जाड, काळा सूट, पावलं जरा बाहेर टाकत. बाई माझ्या मागे सरकल्या. चौकट मला धरायला दिली. मी कापड काढलं.

त्याने खिशातून फोन काढला, त्यातला मूळ फोटो उघडला आणि तसबिरीशेजारी धरला. बघायला लागला. केस, डोळे, दात, गाल. त्याच क्रमाने, हे मी शपथेवर सांगतो. मग फोन खाली केला.

"कल ठेवलात," तो म्हणाला.

"फक्त कपडे लिहिलं होतं ना तुम्ही," मी म्हणालो. आवाजात लाज होती, त्याला कळली नाही.

"हॉलवाले म्हणाले होते, दुकानवाले डोकं सरळ करतातच, लिहून उपयोग नाही." त्याने नाक ओढलं. "आभारी आहे. ती कधी सरळ बसलीच नाही."

हॉलच्या मुलीने तसबीर फुलांमध्ये ठेवली. आजी उजवीकडे कलली, खुर्च्यांच्या बाजूला. पहिली खुर्ची त्याचीच होती. ती रिकाम्या जागेकडे कललेली दिसेल असं मी म्हणालो होतो ते चुकीचं निघालं, हे मी तिथल्या तिथे बाईंना सांगणार होतो, पण त्या तिकडे बघतच नव्हत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

मी तपासणीचा कागद पुढे केला. चौदा खुणा, शेरा, तपासणाऱ्याचं नाव, आणि त्याच्या खाली घरच्यांच्या सहीची जागा. त्याने शेरा वाचला, मानेचा. "बोट होतं तिथे, हो," तो म्हणाला. मग सही करायला पेन टेकवलं आणि थांबला. वरचं नाव वाचलं. हळूच, मोठ्याने.

"कुवाबारा फुमिए."

बाईंनी मान वर केली नाही. "मीच," एवढंच म्हणाल्या. तेही दुकानातल्यासारखं, तपासनीस म्हणून.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं मी बाहेर जावं, पण त्याच्या पेनाचं टोपण माझ्या हातात होतं.

"आजीने कळवायच्या माणसांची यादी करून ठेवली होती," तो शेवटी म्हणाला. "एकोणीस नावं. तिसरं हे आहे. पुढे लिहिलंय, तोमोयुकीची आई, हिला आधी कळव. मी सकाळपासून तीनदा फोन केला. तो नंबर वापरात नाही असं यंत्र सांगतंय."

"अकरा वर्षं ठेवला होता," बाई म्हणाल्या. "तिला लिहून दिला होता मी, कधी लागला तर म्हणून. मग घर बदललं, नवीन घरात तो नंबर देईनात. मी पुष्कळ भांडले त्यांच्याशी. वाटलं, आता कोण करणार आहे."

त्याने हो अशी मान हलवली. कागदावर सही केली, कागद मला दिला, आणि परत फोन काढला.

"नवीन सांगा," तो म्हणाला.

बाईंनी तोंड उघडलं. एक आकडा आला, दुसरा आला, मग काहीच नाही. चौदा ओळी झोपेतही म्हणणारी बाई, स्वतःचा नंबर आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्यांनी मदत मागितल्याचं मला आठवत नाही. मी एकेक आकडा सांगितला आणि तो लिहीत गेला, मग त्याने बटण दाबलं.

त्यांच्या कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. तो समोर दोन पावलांवर उभा होता, फोन कानाला लावून. बाईंनी खिसा चाचपला, फोन काढला आणि दोन्ही हातांनी कानाला धरला.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "कुवाबारा बोलतेय."

"मी तोमोयुकी," तो म्हणाला. "आजी गेली. तुम्हाला कळवायचं होतं."